तेरा लॉट आणि 5 तारखेचा हप्ता

प्रश्न: बचत खात्यात 2 लाख 10 हजार आहेत. बुधवारी, 3 तारखेला बंद होणाऱ्या एका आयपीओला नेटबँकिंगवरून 13 लॉटचा अर्ज करायचा विचार आहे. एक लॉट 14,800 रुपयांचा. लागले नाहीत तर पैसे लगेच सुटतात ना? 5 तारखेला घराचा 28,400 चा हप्ता जातो.

उत्तर: पैसे सुटतात, पण तुमच्या हप्त्याच्या आधी सुटतील याची खात्री नाही.

नेटबँकिंगमधून केलेला अर्ज ‘अस्बा’ पद्धतीने जातो. पैसे खात्यातच राहतात, त्यांवर बचतीचं व्याजही मिळतं; बँक फक्त तेवढ्या रकमेवर होल्ड लावते. कट-ऑफ दराला अर्ज केलात तर किंमतपट्ट्यातल्या वरच्या दराने, म्हणजे 13 लॉटचे 1,92,400 अडकतात. एकूण शिल्लक 2,10,000 च दिसते, वापरायला मात्र 17,600 उरतात. हप्ता कापणारी यंत्रणा हीच दुसरी रक्कम बघते. माझ्याकडच्या एका गृहस्थांचा हप्ता असाच परत गेला. ‘पैसे तर खात्यात होते’ म्हणून ते बँकेशी बराच वेळ भांडले. दंड काही टळला नाही.

आता तारखा जोडून बघा. 3 ला इश्यू बंद, 4 ला वाटप ठरणार, 5 ला होल्ड उठणार, सोमवारी 8 ला शेअर बाजारात नोंदणी. हप्ता 5 ला सकाळीच मागितला गेला आणि होल्ड संध्याकाळी उठला, तर तो परत गेलाच.

मुळात 13 लॉट कशाला? किरकोळ गटात अर्जदारांची संख्या उपलब्ध लॉटपेक्षा जास्त झाली की सोडत निघते आणि नशीबवानाला एकच लॉट मिळतो. सोडतीत 13 लॉटवाल्याची आणि एका लॉटवाल्याची संधी सारखीच. तुम्हाला एक लागला, तर 14,800 कापले जातील आणि बाकी 1,77,600 नुसतेच अडकून सुटतील. जास्त लॉट पदरात पडतात ते मागणी थंड असते तेव्हा. आणि कोणाला नको असलेला शेअर आपल्याला तेरा पट का हवा, हे आधी स्वतःला विचारा. (घरच्यांच्या नावाने वेगळा अर्ज चालतो, पण त्यांच्या स्वतःच्या पॅनवर आणि डिमॅटवर. एकाच पॅनवर दोन अर्ज केलेत तर दोन्ही बाद होतात.)

म्हणून एकच लॉट भरा. 1,95,200 मोकळे राहतील, हप्ता निवांत जाईल. शेवटच्या दिवशी दुपारी 4 नंतर बँकेचा मार्ग बंद होतो, तेव्हा मंगळवारीच उरका. अर्ज क्रमांक जपून ठेवा. रजिस्ट्रारच्या साइटवर पॅन टाकून वाटप शून्य दिसलं आणि सोमवारीही होल्ड तसाच असेल, तर त्या क्रमांकासह बँकेकडे लेखी तक्रार करा. उशिराबद्दल दिवसाला 100 रुपये किंवा वार्षिक 15 टक्के, यांतलं जे जास्त असेल ते बँकेने द्यायचं, असा सेबीचा नियम आहे. तक्रारीत तो लिहाच.