HbA1c 6.1 आला, वजन किती कमी करू?

रूटीन ब्लड टेस्टमधे HbA1c 6.1 आलाय, डॉक्टर म्हणाले प्री-डायबिटीस आहे. वजन 82 किलो. नक्की किती कमी करायचं आणि परत टेस्ट कधी?

उत्तर:
5.7 ते 6.4 म्हणजे प्री-डायबिटीस, म्हणजे तुम्ही साधारण मधे आहात. वजनाचं टार्गेट लोकांना वाटतं तेवढं मोठं नसतं, अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमधे (2002 ला छापून आली) 7 टक्के वजन कमी आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच ठेवलं होतं आणि डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुमच्यासाठी 7 टक्के म्हणजे पावणेसहा किलो, म्हणजे 76 च्या आसपास. सहा महिन्यात करा, घाई नको. कारण असं की पोटातली आणि लिव्हरमधली चरबी आधी उतरते आणि इन्सुलिन परत नीट काम करायला लागतं.

टेस्ट तीन महिन्यांनी, त्याआधी करून उपयोग नाही, रक्तातल्या लाल पेशी साधारण तीन-चार महिने जगतात आणि HbA1c मधे त्यांना चिकटलेली साखरच मोजतात. अंगात लोह कमी असेल तर आकडा उगाच जास्त येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन पण बघा आणि सोबत उपाशीपोटी शुगर करा.

एक मात्र लक्षात ठेवा, काही न करता वजन आपोआप उतरायला लागलं, तहान वाढली, रात्री सारखं लघवीला उठावं लागलं तर खूश होऊ नका, शुगर वर गेलेली असू शकते, तीन महिने न थांबता लगेच दाखवा.