स्क्रीनचा मेलेला पट्टा मोजून बटणं कशी हलवायची

प्रश्न: जुन्या फोनवर गेम खेळताना मध्येच आपोआप टच होतात, कॅमेरा भलतीकडे फिरतो. उजवीकडे एका पट्ट्यात फायर बटण लागतच नाही. स्क्रीन बदलणं सध्या शक्य नाही. नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखू, आणि तोवर खेळू कसा?

उत्तर:

आधी एक सांगा: आपोआप टच होतात तेव्हा फोन चार्जिंगला लावलेला असतो का? माझ्या फोनातली निम्मी भुतं, म्हणजे असे आपोआप होणारे टच, चार्जरची निघाली होती आणि मी उगाच दोन महिने स्क्रीनला शिव्या घातल्या.

काचेखाली पारदर्शक वाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आलं की तिथल्या छेदाची धारकता किंचित बदलते आणि टचची चिप तो बदल मोजते. चार्जरमधला विद्युत गोंगाट बोटामार्फत या जाळीत शिरतो. म्हणून चार्जरची भुतं सहसा बोट टेकलेलं असतानाच येतात आणि बहुधा बोटाच्याच रेषेत, सरळ वर-खाली किंवा आडवी उमटतात. बोट उचललं की गायब. याउलट फोन टेबलावर पडलेला, चार्जर काढलेला, कोणी हात लावलेला नाही आणि तरीही एकाच ठिकाणी टच पडतोय, तर दोष काचेत, टचच्या थरात किंवा त्याच्या पट्टी-केबलमध्ये आहे. ओलसर काच, कोपऱ्यात उचकटलेला स्क्रीनगार्ड आणि कडेला दाबणारं कव्हर हे तिसरं कुटुंब. ते सगळं काढून, काच कोरडी पुसून, काचेला बोट न लावता फोन रीस्टार्ट करा आणि मगच पुढची चाचणी घ्या. सेटिंगमध्ये स्क्रीनगार्डसाठी टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल तर ती बंद ठेवा, कारण झिजलेल्या स्क्रीनवर ती भुतांना खतपाणी घालते.

आता मोजणी. अँड्रॉइड धरून सांगते. About phone मध्ये Build number वर सात वेळा टॅप केलं की Developer options उघडतात. त्यात Input खाली Pointer location चालू करा. वरच्या पट्टीत X, Y आणि P दिसू लागतात. P म्हणजे या क्षणी किती बोटं टेकली आहेत आणि या खेपेला जास्तीत जास्त किती टेकली होती. तुम्ही एकच बोट फिरवलंत आणि P मध्ये दुसरा आकडा २ झाला, तर मध्ये एक भूत येऊन गेलं. हे नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही.

मेलेला पट्टा मोजताना बहुतेक जण टॅप करत सुटतात. टॅपने नीट कळत नाही, कारण बोट पट्ट्यापेक्षा रुंद असू शकतं आणि त्याची कड जिवंत भागावर पडली तरी टच लागतो. त्यापेक्षा गेम खेळता तसा फोन आडवा धरा आणि बोट न उचलता डावीकडून उजवीकडे सावकाश रेघ ओढा. पट्ट्यावर आल्यावर फोनला वाटतं बोट उचललं, आणि पलीकडे पोहोचल्यावर नवा टच सुरू होतो. नवा टच आला की Pointer location जुनी रेघ पुसून टाकतं. म्हणजे शेवटी जी रेघ उरते तिची सुरुवात हीच पट्ट्याची उजवी कड. तिथला X टिपून घ्या. मग तेच उजवीकडून डावीकडे करा, डावी कड मिळेल. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर करा. तिन्ही वेळा आकडे जवळपास सारखे आले तर जाळीतली एखादी रेषा किंवा तिचा जोड गेला आहे, आणि पट्टा काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहे. एकाच उंचीवर सापडला तर तो डाग आहे, तिथे काचेला मार बसलेला असतो. रेघ तुटत नाही पण एका जागी अडखळून उडी मारते, असंही होतं. तो अर्धमेला भाग, त्यालाही मेलेलाच धरा.

माझे आकडे सांगते. फोन १०८० बाय २४०० चा, म्हणजे आडवा धरल्यावर X शून्यापासून २४०० पर्यंत. डावीकडून ओढलेली रेघ १९८५ ला पुन्हा सुरू झाली, उजवीकडून ओढलेली १८९० ला. मधले ९५ पिक्सेल म्हणजे माझ्या स्क्रीनवर साधारण सहा मिलिमीटर. दोन्हीकडे ३० पिक्सेल सोडले, कारण खेळताना अंगठा तिरका आणि घाईत पडतो. म्हणजे १८६० ते २०१५ ही बंदी घातलेली जागा. माझं फायर बटण नेमकं १९५० वर होतं!

पहिला उपाय सुचला तो फोन उलटा धरायचा. १८० अंशांत फिरवल्यावर पट्टा आरशासारखा पलीकडे जातो: २४०० वजा १९८५ म्हणजे ४१५, आणि २४०० वजा १८९० म्हणजे ५१०. फायर बटण मोकळं झालं, पण पट्टा थेट डाव्या जॉयस्टिकवर येऊन बसला. परिणाम आधीपेक्षा वाईट. फायर बटण चुकलं तर एक गोळी जाते. जॉयस्टिकवर अंगठा सतत टेकलेला असतो, तो पट्ट्यावरून सरकला की टच तुटतो आणि पळता पळता माणूस उघड्या मैदानात उभा राहतो. त्यातून जॉयस्टिक तरंगता असेल, म्हणजे अंगठा जिथे टेकेल तिथे केंद्र धरणारा, तर पट्टा ओलांडल्यावर तो नव्या जागी केंद्र धरतो आणि तुम्हाला पुढे जायचं असताना बाजूला नेतो. पट्टा डावीकडे असेल तर जॉयस्टिक स्थिर ठेवा आणि पट्ट्यापासून लांब सरकवा.

म्हणून मी फोन पुन्हा सुलटा धरला आणि गेमच्या कंट्रोल सेटिंगमध्ये बटणं हलवली. दाबून धरायची किंवा ओढायची गोष्ट पट्ट्याच्या जवळपासही ठेवली नाही. रीलोडसारखी एका टॅपची बटणं त्याच्या कडेला चालतात. फायर बटण १८० पिक्सेल रुंद होतं, म्हणजे त्याची डावी कड २०१५ च्या पुढे राहायला केंद्र निदान २१०५ वर हवं. मी २१२० वर ठेवलं.

खरी अडचण नजर फिरवण्याची होती. उजवा अंगठा स्क्रीनवर ओढून कॅमेरा फिरवतो आणि तो हमखास पट्टा ओलांडतो. तिथे टच तुटला की नेम अर्ध्यावर थांबतो. आधी मागे वळायला मला सुमारे ९०० पिक्सेल ओढावं लागायचं. आता डावीकडचा १२०० ते १८६० एवढाच भाग वापरायचा ठरवला, त्यातले आरामात ओढता येतील असे ६००. नऊशे भागिले सहाशे म्हणजे दीडपट, म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता ६० ची ९० केली. प्रत्येक गेममध्ये हा आकडा सरळ प्रमाणात चालतोच असं नाही. सरावाच्या मैदानात एका भिंतीकडे तोंड करून उभं राहा, ६०० पिक्सेल ओढा, बरोबर पाठमोरे झालात का बघा आणि थोडंथोडं बदला. दुर्बिणीची संवेदनशीलता वेगळी असते, ती लगेच वाढवू नका, नाहीतर लांबचा नेम थरथरायला लागतो. अंगठ्याला नवी जागा अंगवळणी पडायला मला चार-पाच दिवस लागले आणि त्या दिवसांत मी जितकी हरले तितकी कधीच हरले नव्हते.

आता उरलेल्या भुतांकडे. चार्जर काढूनही माझं एक भूत X १३२०, Y २४० च्या आसपास पडायचं, म्हणजे नेमकं नजर फिरवायच्या भागात. गेमला वाटायचं दुसरं बोट कॅमेरा ओढतंय. यावर मला सापडलेला उपाय बुजगावण्यासारखा आहे: त्या जागेवर एखादं निरुपद्रवी बटण नेऊन ठेवायचं. मी इमोटचं बटण मोठं करून, जवळजवळ पारदर्शक करून तिथे बसवलं. भूत आता कॅमेऱ्याऐवजी ते बटण दाबतं आणि माझं पात्र अधूनमधून टाळ्या वाजवतं. हसं होतं खरं, पण नेम हलत नाही. भूत एकाच जागी येत असेल तरच हे चालतं. भटकं असेल तर त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

भुताची जागा नक्की करायला फोन काही न करता दहा मिनिटं पडू द्या आणि कॉम्प्युटरवर नोंद घ्या. USB debugging चालू करा, फोन केबलने जोडा आणि कॉम्प्युटरवर adb हे अँड्रॉइडचं साधन टाकून हे चालवा:

```
adb shell getevent -lt
```

ABS_MT_POSITION_X आणि ABS_MT_POSITION_Y पुढे जागा येते आणि ABS_MT_TRACKING_ID पुढे ffffffff आलं की तो टच संपला. आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरच्या पद्धतीत असतात आणि फोन उभा धरल्याप्रमाणे मोजलेले असतात, म्हणून आडव्या गेमसाठी X आणि Y ची अदलाबदल करून, फिरवण्याच्या दिशेनुसार एक उलटा मोजावा लागतो. लॅपटॉप वापरत असाल तर त्याचाही चार्जर काढा, नाहीतर पुन्हा तोच गोंगाट मोजाल.

टच दुरुस्त करून देणारी ॲप्स टाकू नका. तुटलेली रेषा ॲपने सांधत नाही आणि बोट नसतानाची शून्यपातळी चिप स्वतःच ठरवते. बऱ्याच फोनांत स्क्रीन बंद करून पुन्हा चालू केली की ती नव्याने ठरते, म्हणून सामन्याआधी एकदा लॉक-अनलॉक करून घ्या.

भुतं कुलूपपडद्यावर चुकीचे पिन टाकून फोन बंद पाडू शकतात, त्यामुळे फोटो आणि नंबर आजच दुसरीकडे काढून ठेवा. आणि फोनची पाठ फुगलेली किंवा काच एका कडेने वर उचललेली दिसली तर हे सगळं सोडा. फुगलेली बॅटरी आतून स्क्रीनला दाबत असते. फोन बंद करा, चार्ज करू नका, काच दाबून बसवायचा प्रयत्नही करू नका, आधी दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या.

माझ्या फोनात पुढे २२५० जवळ दुसरा पट्टा निघाला. मोकळी जागा सोडून दोन पट्ट्यांमध्ये फायर बटणाला जेमतेम २०५ पिक्सेल उरले आणि अंगठा जरा सटकला की गोळी सुटेना. तेव्हा मी त्यावरचं शूटर बंद केलं. आता तोच फोन उभा धरून बुद्धिबळ खेळते. पट मधल्या ६६० ते १७४० या भागात बसतो आणि दोन्ही पट्टे त्याच्या बाहेर राहतात. मोहरा ओढत नाही, आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टॅप करते.