लॅब्रॅडॉर पाळायचा तर वर्षाला नेमके किती बाजूला काढायचे?

प्रश्न : मी 34, बायको 32, दोघंही नोकरीत, पुण्यात वारज्याला राहतो. घराचा हप्ता, एसआयपी आणि घरखर्च जाऊन महिन्याला 18,000 उरतात. खर्च साधारण 60,000, त्यामुळे आपत्कालीन म्हणून 1,80,000 एफडीत ठेवलेत. गणपतीआधी लॅब्रॅडॉरचं पिल्लू (मादी) आणायचा विचार आहे, ब्रीडर 20,000 सांगतोय. मित्र म्हणतो, महिन्याला 3,000 मध्ये सगळं भागतं. गणपती आणि दिवाळी मिळून दोन आठवडे आम्ही गावी जातो. जमेल का?

उत्तर : जमेल, पण 3,000 मध्ये नाही आणि गणपतीआधी नाही. तुमच्या मित्राचा हिशेब फार तर लहान कुत्र्याच्या खाण्याचा असेल. पूर्ण वाढलेल्या लॅबला महिना साडेसात हजारांच्या आसपास धरा, शिवाय अडीअडचणीचे वेगळे. खालचे आकडे पुण्यातले साधारण दर धरून काढलेत. तुमच्या भागातल्या डॉक्टरांकडे आणि दुकानात विचारून ते बदलून घ्या, पद्धत तीच राहील.

सगळ्यात मोठा आकडा खाण्याचा असतो आणि तो वजनावरून निघतो. नसबंदी झालेल्या 30 किलोच्या लॅबला दिवसाला साधारण 1,440 कॅलरी लागतात. ड्राय फूडच्या किलोत 3,600 च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे रोज 400 ग्रॅम, वर्षाला 146 किलो. थोडं सांडलवंड धरून 150 किलो म्हणू. मधल्या प्रतीचं फूड 300 रुपये किलो धरलं तर 45,000 होतात. महागड्या ब्रँडवर गेलात तर तेच 150 किलो 90,000 च्या पुढे जातं. म्हणून पिल्लू आणण्याआधीच कुठल्या प्रतीचं फूड कायम परवडेल ते ठरवा. सवय लागल्यावर पैशांसाठी एकदम फूड बदललं की पोट बिघडतं. बदलायचंच झालं तर आठवडाभर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत न्यावं लागतं.

पहिल्या वर्षी पिल्लू आहे म्हणून कमी खाईल, असं धरू नका. चार ते आठ महिन्यांच्या वाढीच्या काळात लॅबचं पिल्लू मोठ्या कुत्र्याइतकं खातं.

घरी शिजवलं की स्वस्त पडेल, असं बहुतेकांना वाटतं. मांडून बघा. निम्मं खाणं घरचं द्यायचं तर रोज 250 ग्रॅम बोनलेस चिकन आणि 90 ग्रॅम तांदळाचा भात लागेल. बोनलेस 320 रुपये किलो धरा. चिकन 80 चं, तांदूळ 5 चा. दिवसाचे 85 म्हणजे वर्षाचे 31,000. तेवढ्याच कॅलरींचं ड्राय फूड 22,000 ला येतं. शिवाय नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतं, ते डॉक्टरांना विचारून वेगळं द्यावं लागतं. घरचं जेवण स्वस्त पडतं ते दूधपोळी नाहीतर वरणभातावर भागवलं तर, आणि वाढत्या लॅबच्या हाडांना ते पुरत नाही. घरचं द्यायला हरकत काहीच नाही, फक्त बचत म्हणून देऊ नका. अंडी, दही, ट्रीट यांचे वर्षाला 3,000 धरून खाण्याचे 48,000 लिहा.

इथेच एक सवय लावून घ्या. फूड मगाने किंवा वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. वाटी शिगोशीग भरली की सहज 50 ग्रॅम जास्त पडतं. रोजच्या 50 ग्रॅमचे वर्षाला 18 किलो होतात, म्हणजे साडेपाच हजार रुपये. त्यापेक्षा वाईट म्हणजे ते अंगावर चढतं. लॅबमध्ये हे जास्त होतं. जवळपास चौथ्या हिश्शाच्या लॅबमध्ये भूक आवरणाऱ्या पीओएमसी नावाच्या जनुकात बिघाड आढळलेला आहे, त्यामुळे त्यांची भूक एरवीपेक्षा जास्त असते. ती मागतेय म्हणजे उपाशी आहे, असं नसतं. वाढलेलं वजन पुढे नितंबाच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांवर येतं, आणि तिथला खर्च फूडसारखा चारशे ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

लसींचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. वर्षाला एक मल्टी म्हणजे अनेक रोगांवरची एकत्र लस, एक रेबीज, हवी असल्यास केनेल कफ या खोकल्याच्या आजाराची, तपासणी फी धरून 3,000. जंताच्या गोळ्या वजनावर असतात, साधारण 10 किलोला एक, म्हणजे तिला एका वेळी तीन, दर तीन महिन्यांनी, त्यांचे 1,000. वर्षातून एकदा रक्त तपासणी 2,000. पहिल्या वर्षी मल्टीचे तीन डोस (सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत) आणि रेबीज बूस्टरसह असतं, त्यामुळे तेव्हा तीनेक हजार जास्त लागतात. रेबीजची नोंद असलेलं कार्ड जपून ठेवा, महापालिकेच्या परवान्यालाही ते लागतं.

खरा खर्च गोचिडांचा. वरच्या लसींपैकी एकही गोचीडतापावर चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. 20 ते 40 किलो वजनगटाची, बारा आठवडे चालणारी चघळायची गोळी 2,000 च्या घरात येते, वर्षाला साधारण चार म्हणजे 8,000. हा आकडा बघून लोक ती पावसाळ्यापुरती देतात आणि बाकी वर्ष पावडरवर काढतात. आपल्याकडे गोचीड बाराही महिने असतो. त्याची मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत अंडी घालते, म्हणून कुत्रं नुसतं धुऊन तो जात नाही. फिरून आल्यावर पायाची बोटं फाकवून आणि कानाची पाळी उलटून बघा. सुरुवातीला तो तिळाएवढा चपटा असतो, रक्त प्यायला की राखाडी वाटाण्यासारखा फुगतो.

आता त्या 8,000 समोर एक साधा गोचीडताप मांडा. तपासणी 600, रक्ताची चाचणी 500, गोचीडतापाची खास चाचणी 2,000, तीन दिवस सलाईन 3,600, चार आठवडे डॉक्सीसायक्लिन 1,000, आणि प्लेटलेट्स सुधारतायत का ते बघायला पुन्हा तीन चाचण्या 1,500. एकूण 9,200, तेही वेळेत लक्षात आलं तर. जेवण सोडणं आणि ताप इथेच डॉक्टरांकडे जा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर उशीर झालेला असतो. रक्त चढवायची वेळ आली की बिल 25,000 च्या पुढे जातं. म्हणून गोळीचे पैसे मी कुठल्याही बजेटमध्ये कापू देत नाही.

लस, जंत, गोचीड, तपासणी मिळून 14,000 झाले. ग्रूमिंगमध्ये लॅब स्वस्त आहे. केस कापायचे नसतात, आणि उन्हाळा आहे म्हणून भादरायचे तर मुळीच नाहीत; दुहेरी थराचा तो कोट उन्हापासूनही वाचवतो. आठवड्यातून दोनदा ब्रश आणि घरी आंघोळ पुरते. नखं आणि कान साफ करायला तीन महिन्यांतून एकदा सलून, 1,200 प्रमाणे चार वेळा, आणि शाम्पू-ब्रश धरून 6,000. कानाचा संसर्ग, जुलाब असली किरकोळ दुखणी 6,000. पट्टा, गादी, खेळणी, परवाना 4,000.

तुम्ही विचारात न घेतलेला आकडा बोर्डिंगचा, म्हणजे गावी जाताना तिला पैसे देऊन ठेवायच्या जागेचा. सणाच्या दिवसांत 900 रुपये रोज धरा, चौदा दिवसांचे 12,600. सगळी बेरीज 90,600 होते, महिन्याला 7,550.

गणपतीआधी नको म्हणण्याचं कारणही बोर्डिंगच. पिल्लाचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि ते पूर्ण होण्याआधी चांगलं बोर्डिंग पिल्लू घेत नाही, घेत असेल तर तिथे ठेवू नये. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. त्याची लागण झाली तर पाच-सात दिवस सलाईनवर 15 ते 25 हजार जातात आणि तरी पिल्लू वाचेलच असं नसतं.

आणीबाणीचे पैसे किती, ते लॅबच्या स्वभावावरून ठरवा. तो सापडेल ते गिळतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला पडलेलं खाल्लेलं मक्याचं कणीस हे नेहमीचं उदाहरण. ते पचत नाही, आतड्यात अडकतं, आणि एक्सरेत नीट दिसेलच असं नाही, सोनोग्राफी करावी लागते. प्यायलेलं पाणीही उलटून पडायला लागलं तर सकाळची वाट बघू नका. रात्रीची शस्त्रक्रिया आणि तीन-चार दिवसांचं दाखल राहणं 35 ते 60 हजारांत जातं, आणि आगाऊ रक्कम तिथेच भरावी लागते. म्हणून 40,000 हाताशी ठेवून सुरुवात करा आणि महिना 2,000 टाकत ते 60,000 वर न्या. हे पैसे स्वीप-इन बचत खात्यात ठेवा, म्हणजे जादा रक्कम एफडीत राहते पण लागेल तेव्हा आपोआप खात्यात येते; रात्री दोन वाजता कार्डाने निघाले पाहिजेत. तुमच्या 1,80,000 ना हात लावायचा नाही. उलट घरखर्च साडेसात हजारांनी वाढणार, तर तीन महिन्यांच्या हिशेबाने त्या एफडीतही साडेबावीस हजार वाढवावे लागतील.

विमा घ्या, पण त्या 40,000 च्या बदल्यात नाही. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो, लस आणि ग्रूमिंग त्यात येत नाही, आणि लसीकरण चुकलेलं असेल तर त्या आजाराचा दावा नाकारला जातो. पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर मागायचे, अशी व्यवस्था असेल तर रोख लागणारच. कोटेशन मागताना गोचीडताप आणि नितंबाच्या सांध्याचा आनुवंशिक दोष धरलाय का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

आता तुमचे 18,000. आणायच्या दिवसापर्यंत 20,000 पिल्लाचे, 25,000 सुरुवातीचं सामान, जादा डोस आणि नसबंदी यांचे, आणि 40,000 आणीबाणीचे, असे 85,000 जमायला हवेत. या महिन्यापासून, म्हणजे जूनपासून, शिल्लक पूर्ण बाजूला टाकली तर ऑक्टोबरअखेर 90,000 होतात. दिवाळी आटपून, फटाके थांबल्यावर नोव्हेंबरमध्ये आणा. पुढच्या गणपतीपर्यंत ती वर्षाची होत आलेली असेल. त्यानंतर महिना 7,550 आणि 2,000 जाऊन 8,450 उरतील. एफडीचे साडेबावीस हजार त्यातून तीन महिन्यांत भरा. एसआयपीला धक्का लागत नाही.

नसबंदीचे पैसे मात्र त्या 25,000 मधून दुसरीकडे वळवू नका. ठरवून केली तर ती 10,000 च्या आसपास होते. न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू झाला तर तीच शस्त्रक्रिया घाईत, आजारी अंगावर, दुप्पट-तिप्पट खर्चात करावी लागते. कधी करायची ते वय डॉक्टरांना विचारा, लॅबमध्ये वाढ पुरी होऊ देण्याचा सल्ला बऱ्याचदा देतात. खर्च जास्त वाटला तर औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा.

आणि 90,600 हाही जड वाटत असेल, तर 18 किलोची मोठी झालेली देशी मादी दत्तक घ्या. रोज 280 ग्रॅम, वर्षाला 102 किलो, म्हणजे फूडचे साधारण 31,000. इथेच 14,000 वाचतात, ब्रीडरचे 20,000 लागत नाहीत, आणि लसी आधीच पूर्ण झालेल्या असतील तर तिला गणपतीतही बोर्डिंगला ठेवता येईल. मात्र 40,000 तिच्यासाठीही आधी जमवावे लागतील, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत थांबा.