मॉइश्चरायझरने चेहरा चुरचुरला : कंपनीला तक्रारपत्र कसे लिहावे?

प्रश्न : «ऑनलाइन घेतलेलं मॉइश्चरायझर लावल्यावर चेहरा खूप चुरचुरला आणि लाल झाला. खोक्यावर 'संवेदनशील त्वचेसाठी' लिहिलंय. पैसे परत हवेत, आणि त्यात नेमकं काय आहे तेही कळायला हवं. पत्रात काय लिहू?»

आधी ट्यूब आणि खोका, दोन्ही जपून ठेवा. बॅच क्रमांक बहुतेक वेळा ट्यूबच्या दाबून बंद केलेल्या टोकावर उमटवलेला असतो आणि फोटोत तो पुसट येतो. ट्यूब तिरकी धरून बाजूने उजेड पाडा, अंक वाचता येतात. बॅच क्रमांक नसेल तर कंपनीला ते उत्पादन तपासता येत नाही, आणि मग उत्तर येतं ते छापील, गुळमुळीत.

पत्रात 'ॲलर्जी झाली' असं लिहू नका. चुरचुरणं आणि ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. लावल्यावर काही मिनिटांत सुरू होऊन धुतल्यावर कमी होणारी आग बहुधा त्वचा डिवचली गेल्याची असते; लॅक्टिक ॲसिड, युरिया, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांनी तसं होऊ शकतं. संपर्काची ॲलर्जी साधारण एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ घेऊन येते. तुम्ही ॲलर्जी म्हटलंत की कंपनी डॉक्टरांचा दाखला मागणार. म्हणून जे झालं तेच लिहा, वेळेसकट.

पैशांसाठी तुमचा खरा आधार खोक्यावरची ती ओळ आहे. नुसतं चुरचुरलं म्हणजे माल सदोष, असं कायद्याने आपोआप ठरत नाही. पण ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. 'उघडलेलं उत्पादन परत घेत नाही' असं उत्तर आलं, तर याच मुद्द्यावर बोट ठेवा.

घटकांची मागणी नेमकी हवी. 'पूर्ण फॉर्म्युला द्या' म्हटलं की व्यापारी गुपित म्हणून नकार येतो. भारतातल्या लेबलवर एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने असतात, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. 30 ग्रॅमपेक्षा लहान ट्यूबवर तर यादी छापायची सक्तीच नाही. आणि 'परफ्यूम' या एका शब्दामागे डझनभर रसायनं असू शकतात. त्यामुळे टक्केवारी नको, नावं मागा. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात, म्हणजे संशयित घटक त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासतात, तेव्हा त्यांना नावंच लागतात.

नमुना असा. तारखा, आकडे तुमचे घाला :

> मा. तक्रार निवारण अधिकारी,
>
> विषय : मॉइश्चरायझरमुळे जळजळ, रक्कम परत मिळणे व घटकांची माहिती मिळणे.
>
> मी आपले मॉइश्चरायझर (50 ग्रॅम, बॅच क्र. …, वापरण्याची मुदत …) दि. … रोजी 449 रुपयांना आपल्या संकेतस्थळावरून घेतले. ऑर्डर क्र. …
>
> दि. … रोजी रात्री 9.30 वाजता धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे लावले. त्याआधी दुसरे काही लावले नव्हते. दोन मिनिटांत गालांवर तीव्र जळजळ सुरू झाली. 9.40 ला पाण्याने धुतले. लाली सुमारे चार तास राहिली. त्यानंतर वापर बंद केला आहे.
>
> खोक्यावर 'संवेदनशील त्वचेसाठी' असे लिहिले असून घटकांत 'परफ्यूम' आहे.
>
> माझ्या मागण्या :
> 1. 449 रुपये मूळ खात्यात परत करावेत. कूपन नको.
> 2. या बॅचची संपूर्ण घटकयादी, प्रिझर्वेटिव्हची नावे, सामू, आणि सुगंधात लिनालूल, लिमोनीन, सिट्रॉनेलॉल, जिरॅनिऑल यांपैकी काय आहे ते कळवावे.
> 3. 'संवेदनशील त्वचेसाठी' या दाव्याचा आधार कळवावा.
>
> सोबत : बिल, बॅच क्रमांकाचा व चेहऱ्याचा फोटो.

त्या रात्री रेटिनॉल किंवा एखादं ॲसिड असलेलं सीरम लावलं असेल, तर 'दुसरे काही लावले नव्हते' हे वाक्य बदला आणि खरं ते लिहा. पुढे तेच उघड झालं तर सगळी तक्रार लंगडी पडते.

पत्र ई-मेलनेच पाठवा. पत्ता खोक्यावर ग्राहक सेवेच्या मजकुरात असतो. फोनवर बोलणं झालं तर त्याच मेलच्या उत्तरात ते लिहून ठेवा. ऑनलाइन विक्रीत तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. ट्यूब परत मागितली तर तक्रार क्रमांक आणि त्यांच्या खर्चाने कुरिअर मिळाल्यावरच पाठवा, तीही सर्व बाजूंचे फोटो काढून. पॅच टेस्ट करायची असेल तर ती होईपर्यंत ट्यूब देऊच नका. डॉक्टरांना तीच लागेल.

पैसे देताना 'आता कोणतीही तक्रार उरली नाही' अशा मजकुरावर संमती मागतात. घटकांची माहिती हातात येईपर्यंत ती देऊ नका, 'रक्कम मिळाली, मागणी 2 व 3 प्रलंबित' एवढंच कळवा. महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवा : 1915 वर फोन करून, किंवा तिच्या संकेतस्थळावर हाच मेल जोडून. डोळे किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर पत्र बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.