मेंटेनन्सच्या थकबाकीचा खातेउतारा कमिटीकडे कसा मागावा?

प्रश्न: बेळगावात टिळकवाडीत आमचा फ्लॅट आहे. कमिटीचा ईमेल आलाय की मेंटेनन्सची 31,000 च्या वर थकबाकी आहे, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर पाणी बंद करू. रक्कम कशाची ते काहीच लिहिलेलं नाही. मी तर दर महिन्याला भरतो. उत्तर काय लिहू?

उत्तर:

आधी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे ही चूक फार होते. मराठीत शोधलं की सोसायटीचे जे नियम सापडतात ते बहुतेक महाराष्ट्राचे असतात. थकबाकीवरच्या व्याजाची कमाल मर्यादा, भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सेवाशुल्काच्या 10 टक्के आकार, हे सगळं तिकडचं. बेळगावात ते लागू नाही. इथल्या इमारतींच्या संघटना कर्नाटकाच्या कायद्यांखाली असतात: काही 1972 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, काही 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली, काही 1959 च्या सहकार कायद्याखाली. तुमची कशाखाली आहे ते मेंटेनन्सच्या पावतीवरच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं, नाहीतर सेक्रेटरींना विचारा. उत्तरात महाराष्ट्राचं कलम टाकलंत तर कमिटी तेवढंच पकडून बसते आणि तुमचा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो, म्हणजे नेमकं काय मागायचं ते समजेल. माझा फ्लॅट शहापूरला, मेंटेनन्स महिना 1,600. एप्रिल 2023 मध्ये 22,294 रुपयांची मागणी आली, एका ओळीत. मला खूप राग आला होता. तरी भांडायला न जाता मी फक्त तारीखवार खातेउतारा मागितला. तो आल्यावर त्या आकड्याचे तीन तुकडे दिसले.

पहिला तुकडा 6,400 चा, ‘मागील बाकी’ म्हणून. ही म्हणजे 2020 मधले चार महिने. ते पैसे मी एकदम भरले होते, पण पत्नीच्या खात्यातून, आणि ट्रान्सफर करताना फ्लॅट नंबर लिहिला नव्हता. खजिनदारांना नाव जुळेना, म्हणून रक्कम कुणाच्याच नावावर न टाकता सस्पेन्स खात्यात पडून होती. दुसरा तुकडा 3,894 चा, त्या 6,400 वरचं दोन वर्षांचं व्याज. दर दरमहा दोन टक्के. सरळ व्याजाने हे 3,072 व्हायला हवं होतं. उताऱ्यात पहिल्या महिन्याला 128, दुसऱ्याला 131 असे चढते आकडे होते, म्हणजे व्याजावर व्याज लावलेलं होतं. नवी बाकी नसताना व्याजाचा आकडा महिन्यागणिक वाढत गेला तर समजायचं, चक्रवाढ आहे. आमच्या बाय-लॉजमध्ये तसं कुठेच नव्हतं. तिसरा तुकडा 12,000 चा, लिफ्टच्या मोठ्या दुरुस्तीसाठी 18 फ्लॅटवर समान वाटलेला. तो ठराव झालेल्या सभेला मी गेलो नव्हतो. ते पैसे मी खरोखर देणं लागत होतो.

बँकेचा उतारा दाखवल्यावर पहिले दोन तुकडे गेले, तिसरा मी भरला. म्हणून ‘सगळं खोटं आहे’ असं पहिल्याच ईमेलमध्ये लिहू नका. तुमच्याही आकड्यात एखादा तुकडा खरा असू शकतो.

‘थकबाकी लवकरच भरतो’ असंही लिहू नका. लेखी कबुलीने मुदतीत असलेल्या देण्याच्या वसुलीची कायदेशीर मुदत नव्याने सुरू होऊ शकते. आणि मेंटेनन्स अजिबात थांबवू नका. लिफ्ट वापरत नाही, घर बंद असतं, म्हणून देणार नाही, हे 1972 च्या कायद्यात चालत नाही. न भरलेल्या सामायिक खर्चाचा बोजा फ्लॅटवरच चढतो. चालू महिन्याची रक्कम भरा आणि ती कशासाठी आहे ते त्याच दिवशी लिहून कळवा. भारतीय करार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे देणेकऱ्याने पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत ते सांगितलं आणि समोरच्याने ते घेतले, तर त्याच देण्यात जमा करावे लागतात. नाहीतर तुमचे चालू पैसे वादातल्या व्याजात जिरतात आणि पुढच्या महिन्यापासून तुम्ही खरोखरच थकबाकीदार दिसू लागता.

मी असं लिहीन:

*विषय: फ्लॅट क्र. __, आपल्या दि. __ च्या ईमेलबाबत, खातेउताऱ्याची मागणी*

*मा. सेक्रेटरी व खजिनदार, सप्रेम नमस्कार.*

*आपण कळवलेली रु. __ ही थकबाकी माझ्या नोंदींशी जुळत नाही, त्यामुळे ती मला मान्य नाही. कृपया माझ्या फ्लॅटचा तारीखवार खातेउतारा द्यावा. त्यात सुरुवातीची बाकी कोणत्या महिन्यांची आहे, दर महिन्याची आकारणी, माझ्याकडून जमा झालेली प्रत्येक रक्कम आणि लावलेलं व्याज वेगवेगळं दाखवावं. व्याजाचा दर व पद्धत बाय-लॉजच्या कोणत्या कलमाप्रमाणे आहे ते कळवावं. मेंटेनन्सचा दर आणि कोणतीही विशेष वर्गणी ज्या सभेत मंजूर झाली त्या ठरावाची प्रत, तसंच ती फ्लॅटवार वाटली की क्षेत्रफळावर, हेही कळवावं.*

*माझ्या भरण्याची यादी व बँकेचा उतारा सोबत जोडला आहे. आज भरलेले रु. __ हे फक्त __ महिन्याच्या मेंटेनन्सपोटी आहेत, ते इतर कशात वळवू नयेत. खातेउतारा मिळाल्यावर जी रक्कम खरोखर निघेल ती मी 15 दिवसांत भरेन. तोवर पाणी बंद करू नये. तसा अधिकार कोणत्या कलमाने आहे तेही कळवावं.*

*आपला/आपली, __*

वाटणीचा प्रश्न मुद्दाम घातलाय. 1972 च्या कायद्यात सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभाजित हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. हा टक्का तुमच्या डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात असतो. लहान फ्लॅटवाल्याला समान वाटणी महाग पडते, आणि पुष्कळ इमारतींत ती कुणी तपासलेलीच नसते.

भाषा खजिनदारांना वाचता येईल ती ठेवा. आमचे खजिनदार कन्नड बोलणारे, म्हणून मी मराठीखाली तेच इंग्रजीत दिलं होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच उत्तर आठवड्यात आलं. ते आपल्याच जिन्यावर राहतात, बहुधा विनापगार हे काम करतात; वहीतली चूक मुद्दाम केली असेल असं धरून लिहू नका.

15 दिवसांत काही आलं नाही तर तोच मजकूर छापून सही करा, एक प्रत ऑफिसात देऊन दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पाणी खरोखर तोडलंच तर त्याच दिवशी वकिलांना भेटा, दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. तिथे चालू मेंटेनन्स भरल्याची पावती आणि खातेउतारा मागितल्याचा हा ईमेल, दोन्ही सोबत न्या.