मित्राला ‘ख्रोन्या पोला’, मग त्याच्या आईला काय?

प्रश्न: माझ्या ग्रीक मित्राचं नाव योर्गोस. २०२४ ला २३ एप्रिलला त्याच्या आईला त्याच्या नेम डेचं, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवसाचं, ‘ख्रोन्या पोला’ पाठवलं तर तिने ‘थँक्यू, पण अजून वेळ आहे’ असं लिहिलं. माझं काय चुकलं? आणि त्याच्या घरच्यांना ईस्टरला काय पाठवायचं?

शब्द चालला असता, तारीख चुकली. योर्गोस म्हणजे जॉर्ज, आणि संत जॉर्जचा दिवस २३ एप्रिल हे बरोबर, पण तो ईस्टरआधीच्या उपवासात आला तर ग्रीक चर्च तो ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी साजरा करतं. २०२४ ला त्यांचा ईस्टर ५ मेला होता म्हणून योर्गोसचा नेम डे ६ मेला आला, आणि २०२५ ला ईस्टर २० एप्रिललाच होऊन गेला होता त्यामुळे २३ तारीखच कायम राहिली. आपल्या कॅलेंडरवरचा ईस्टर बघून चालणार नाही हां, २०२४ ला तो ३१ मार्चला होता, ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख वेगळी शोधायची.

आता शब्द. ‘ख्रोन्या पोला’ म्हणजे शब्दशः ‘पुष्कळ वर्षं’, आपल्या ‘औक्षवंत हो’च्या अगदी जवळचं. हे ज्याचा नेम डे आहे त्याला तर म्हणतातच, घरच्यांनाही म्हणतात, पण घरच्यांसाठी एक खास वाक्य आहे आणि मला ते फार आवडतं: ‘ना तोन हेरेस्ते’. ‘तोन’ म्हणजे त्याला, आणि ‘हेरेस्ते’ म्हणजे तुम्ही आनंद घ्यावा, थोडक्यात ‘त्याचं सुख तुम्हाला लाभो’. मुलगी असेल, समजा योर्गिया, तर ‘ना ती हेरेस्ते’, आणि गंमत बघा, हे ‘ती’ आपल्या कानाला लगेच ओळखीचं वाटतं पण तिथे त्याचा अर्थ ‘तिला’ असा होतो. ‘हेरेस्ते’ हे अनेकवचन आहे आणि आदरार्थीही तेच, त्यामुळे एकट्या आईला लिहितानाही हेच ठेवा, ‘हेरेसे’ हे एकवचन अगदी जवळच्या माणसाला.

ईस्टरच्या शुभेच्छा मात्र वेळेप्रमाणे बदलतात. पवित्र आठवड्यात, गुड फ्रायडेला आणि शनिवारी रात्रीपर्यंत ‘काली आनास्तासी’, म्हणजे पुनरुत्थान शुभ होवो. शनिवारी मध्यरात्री चर्चमध्ये मेणबत्त्या पेटल्या की तिथून पुढे ‘ख्रिस्तोस आनेस्ती’, ख्रिस्त उठला, आणि त्याला ‘थँक्यू’ म्हणायचं नाही, उत्तर ठरलेलं आहे: ‘आलिथोस आनेस्ती’, खरोखरच उठला. गुड फ्रायडेला ‘ख्रोन्या पोला’ अजिबात नको, तो शोकाचा दिवस, रविवारी मात्र ‘ख्रिस्तोस आनेस्ती’ला जोडून बिनधास्त लिहा.

म्हणजे २०२४ चं बघितलं तर ४ मेच्या संध्याकाळी ‘काली आनास्तासी’, ५ तारखेला ‘ख्रिस्तोस आनेस्ती, ख्रोन्या पोला’, आणि ६ ला आईला ‘ख्रोन्या पोला, ना तोन हेरेस्ते’ असं जायला हवं होतं. योर्गोसला स्वतःला लिहाल तेव्हा ‘ख्रोन्या पोला, योर्गो’ लिहा, हाक मारताना शेवटचा ‘स’ गळतो.