आधी कार्ड फेडा, मग मायक्रोवेव्ह घ्या

प्रश्न : आम्ही तिघं, मुलगी आठ वर्षांची. दुकानदार 28 लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह 15,000 ला देतोय, सहा बिनव्याजी हप्ते, वर 2,000 ची वाढीव वॉरंटी. की 5,000 चा एअर फ्रायर घेऊ? रोज आमटी-भाजी गरम करायची, आठवड्यातून एकदा कटलेट. कार्डावर 60,000 बाकी आहेत, पण मिनिमम वेळेवर भरतो. एक लाखाच्या एफडीला हात लावत नाही.

उत्तर : ताई, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढा. दर बहुधा महिन्याला साडेतीन टक्के असेल. म्हणजे 60,000 वर 2,100 व्याज, त्यावर जीएसटी, एकूण जवळपास 2,500. मिनिमम 5 टक्के धरलं तर तुम्ही 3,000 भरता आणि कर्ज उतरतं जेमतेम पाचशेनं. तेवढ्याच रकमेवर एफडी सात टक्क्यांनी महिन्याला साडेतीनशे देते. मिनिमम भरल्याने लेट फी वाचते, व्याज नाही, हे कार्ड देताना कोणी सांगत नाही याचा मला राग येतो.

याच आठवड्यात एफडी मोडा. दंड काही शेकड्यांत जाईल, तो सोसा. 60,000 कार्डात भरा, 40,000 अडीअडचणीला राहू द्या. बाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून कार्ड घरी ठेवा. ‘बिनव्याजी’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो, शिवाय रोखीची सूट जाते.

आता कार्डात जाणारे तीन हजार दर महिन्याला बाजूला टाका. दोन-अडीच महिन्यांत 20 लिटरचा साधा, म्हणजे सोलो, मायक्रोवेव्ह रोखीनं येईल. तिघांची आमटी-भाजी गरम करायला तो पुरतो. कन्व्हेक्शनचे जास्तीचे पैसे केक-बेकिंगसाठी असतात आणि तुमच्या पत्रात केक कुठेच नाही. एअर फ्रायर कोरड्या गरम हवेवर चालतो. कटलेट छान होतील, पण आमटी त्यात नीट तापत नाही आणि पोळी कडक होते. शिवाय कटलेट एका थरातच लावावे लागतात, त्यामुळे चार लिटरच्या टोपलीतही तिघांसाठी दोन घाणे काढावे लागतील. आठवड्यातून एकदाचे कटलेट तव्यावर करा.

दुकानात जाताना रोजचं काचेचं भांडं सोबत न्या. फिरती काच साधारण 25 सेंटीमीटरची असते. भांडं आत पूर्ण फिरतं का, कान दाराला अडकतात का, तिथेच पाहा.

वाढीव वॉरंटी नको. मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, सर्वांत महागडा, त्यावर बऱ्याच कंपन्या एका वर्षापेक्षा जास्त वॉरंटी स्वतःच देतात, ती वॉरंटी कार्डावर वाचा. फुटलेली काच सहसा वाढीव वॉरंटीतही बसत नाही. पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा, तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा, ‘माणूस घरी येतो की मशीन उचलून आणावं लागतं?’ उचलून न्यावं लागत असेल, तर दुसरा ब्रँड बघा.